रविवारी सकाळी सात, पण कोणाच्या घड्याळात?

नोव्हेंबरातल्या दुसऱ्या रविवारी सकाळी सातला आमच्या साताऱ्याच्या घरी सगळे फोनसमोर बसले होते. सासूबाईंनी चहा लवकर उरकला होता आणि केसही विंचरून झाले होते, कारण नातवंडं दिसणार होती. सव्वासात वाजले, साडेसात वाजले, तरी पलीकडे कोणी नाही. माझा धाकटा दीर न्यू जर्सीत एडिसनला असतो. त्याला मेसेज केला तर उत्तर आलं, "वहिनी, अजून अर्धा तास आहे ना? कॅलेंडरात साडेनऊ दिसतंय." मेलबर्नची नणंद तर म्हणाली की तिच्याकडे दुपारचा दीड दिसतोय. आईंना सांगितलं की आठला फोन होईल, पण आठला त्यांची पूजा असते. त्या उठून गेल्या.

चूक कोणाचीच नव्हती आणि कॅलेंडरही बरोबरच सांगत होतं. घोळ झाला होता मे महिन्यात. सासरे तेव्हा सहा महिन्यांसाठी दिराकडे गेले होते. तिथूनच त्यांनी दर आठवड्याच्या फोनचं आमंत्रण तयार केलं आणि ते एडिसनच्या घड्याळाला बांधलं गेलं. तेव्हा ते कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण उन्हाळाभर सगळं ठीक चाललं होतं. त्यानंतर मी ही मांडणी नव्याने केली. तिच्यातली प्रत्येक पायरी आणि तिचं कारण खाली देते आहे. आम्ही गूगल कॅलेंडर वापरतो, त्यामुळे बटणांची नावं त्यातली आहेत. तुमचा फोन मराठीत असेल तर नावं वेगळी दिसतील, जागा मात्र साधारण त्याच असतात.

आधी कागदावर: कोणाचं घड्याळ कधी हलतं

भारताचं घड्याळ वर्षभर एकच असतं, ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागात मात्र उन्हाळा आला की घड्याळ एक तास पुढे करतात आणि तो संपला की मागे घेतात. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. मेलबर्न आणि सिडनीत ऋतू उलटे, म्हणून ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पुढे आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे. देशावरून मात्र अंदाज बांधू नका. ऑस्ट्रेलियातलंच ब्रिस्बेन घड्याळ हलवत नाही, अमेरिकेतलं फिनिक्सही नाही. दुबई आणि सिंगापूरही हलवत नाहीत.

आमच्या घरासाठी रविवारी सकाळी सात ही वेळ निघाली. एडिसनला तेव्हा शनिवारची रात्र असते आणि मुलं अजून जागी असतात. मेलबर्नला रविवारची दुपार असते. २०२६ साली ही वेळ तिन्हीकडे कशी फिरते ते असं:

| साताऱ्यातला रविवार, स. ७:०० | एडिसन (शनिवार) | मेलबर्न (रविवार) |
|---|---|---|
| ८ मार्चपर्यंत | रात्री ८:३० | दुपारी १२:३० |
| १५ ते २९ मार्च | रात्री ९:३० | दुपारी १२:३० |
| ५ एप्रिल ते २७ सप्टेंबर | रात्री ९:३० | सकाळी ११:३० |
| ४ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर | रात्री ९:३० | दुपारी १२:३० |
| ८ नोव्हेंबरपासून | रात्री ८:३० | दुपारी १२:३० |

एक बारकावा पाहा. अमेरिकेत घड्याळ ८ मार्चला बदलतं, पण आमच्या फोनला फरक पडतो तो १५ तारखेला. कारण आम्ही ८ तारखेला सकाळी सातला बोलतो तेव्हा एडिसनला अजून ७ तारखेची रात्र असते आणि तिथले काटे हलायला काही तास बाकी असतात. मेलबर्न आपल्या पुढे असल्यामुळे तिथला बदल त्याच रविवारी लागू होतो. हे पाठ करायची गरज नाही, कॅलेंडर ते सांभाळतं. पण असा तक्ता एकदा हाताने मांडला की कॅलेंडर बरोबर लागलंय की नाही हे पडताळता येतं, आणि आम्ही तोच नेमका पडताळला नव्हता.

मालिका कोणाच्या घड्याळाला बांधायची

एकदाच होणाऱ्या कार्यक्रमाचा प्रश्न सोपा असतो. तो जगातला एकच क्षण असतो आणि प्रत्येकाचा फोन तो आपापल्या वेळेत दाखवतो. दर आठवड्याच्या कार्यक्रमाला एवढ्याने भागत नाही. 'दर रविवारी सात' म्हणजे कुठले सात, हे आमंत्रणातच लिहून ठेवावं लागतं. आमंत्रणाच्या ईमेलसोबत `.ics` नावाची फाइल जाते, तिच्यात ते असं असतं:

```
DTSTART;TZID=Asia/Kolkata:20260301T070000
RRULE:FREQ=WEEKLY;BYDAY=SU
```

पहिल्या ओळीत शहर आणि त्या शहरातली वेळ, दुसरीत दर रविवार. सासऱ्यांच्या आमंत्रणात या जागी `America/New_York` आणि रात्रीचे साडेनऊ होते. त्यामुळे एडिसनला वर्षभर साडेनऊच राहणार होते आणि हलणार होतो आम्ही. १ नोव्हेंबरनंतर तिथले साडेनऊ म्हणजे आपल्याकडचे सकाळचे आठ.

मेलबर्नचे हाल तर आणखी. तिचं स्वतःचं घड्याळ ऑक्टोबरात एक तास पुढे गेलं आणि नोव्हेंबरात अमेरिकेचं एक तास मागे आलं. त्यामुळे साडेअकराचा फोन आधी साडेबाराला आणि मग दीडला गेला. दोन्ही देशांचा धक्का तिला बसला. मालिका साताऱ्याला बांधली असती तर तिला फक्त तिच्या स्वतःच्या घड्याळाचा एक तास सोसावा लागला असता, आणि तो तर तिला तिथे सगळीकडेच सोसावा लागतो.

म्हणून माझं ठाम मत असं: घरातलं एक टोक भारतात असेल तर मालिका भारताच्या घड्याळाला बांधावी. ते हलत नाही, त्यामुळे परदेशातल्या प्रत्येकाचा हिशेब त्याच्या एकट्याच्या बदलापुरता उरतो. शिवाय ज्यांची पूजा, औषधं, डोळ्यांत थेंब घालायची वेळ ठरलेली असते अशी माणसं बहुतेक या टोकाला असतात. याला अपवाद एकच, पलीकडच्या माणसाची वेळ खरोखरच अडलेली असेल तर. दिराच्या मुलीला मी मराठी वाचन शिकवते ते तिच्या शनिवारच्या पोहण्याच्या वर्गानंतर. ती मालिका मी मुद्दाम न्यू यॉर्कच्या वेळेवर ठेवली आहे आणि तिच्यासाठी हलणारी मी.

आमंत्रण तयार करताना

पहिल्या वेळी हे काम संगणकावर करावं. फोनवरही होतं, पण तिथे वेळक्षेत्राची ओळ लहान असते आणि नजरेतून सुटते. `calendar.google.com` उघडा, `Create` मधून `Event` घ्या आणि `More options` दाबा. पूर्ण पान उघडेल.

तारीख पुढच्या रविवारची, वेळ ७:०० ते ७:४५. मी पाऊण तास ठेवते, कारण गूगल मीटच्या फुकट खात्यावर तीन किंवा अधिक जण असले की बोलणं साठ मिनिटांत तुटतं. आईंचा निरोप घेणं हेच पंधरा मिनिटांचं काम आहे, ते अर्ध्यावर तुटलेलं त्यांना चालत नाही.

वेळेच्या शेजारी `Time zone` असा दुवा दिसतो. तो दाबून `India Standard Time - Kolkata` निवडा. तुम्ही भारतात बसून करत असाल तर तेच आधीपासून निवडलेलं असेल, तरीही उघडून पाहाच. सासऱ्यांनी हे पान उघडलं नव्हतं. ते एडिसनला होते, फोनने तिथलं वेळक्षेत्र धरलं होतं आणि आमंत्रणाने ते फोनकडून घेतलं. सहा महिने मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांच्या बाबतीत हे होण्याची शक्यता फार, कारण घरापासून लांब असतानाच असे फोन ठरतात.

यादीत शहराचं नाव बघून निवडा, तीन अक्षरी लघुरूपावर विसंबू नका. `IST` हे भारताचं, इस्रायलचं आणि आयर्लंडचंही लघुरूप आहे. अमेरिकेतले लोक तर भर जुलैतही `EST` लिहितात, खरं म्हणजे तेव्हा तिथे `EDT` चालू असतं आणि दोन्हींत एक तासाचा फरक आहे. शहर निवडलं की त्या शहराचे उन्हाळ्या-हिवाळ्याचे नियम आपोआप सोबत येतात.

मग `Does not repeat` जिथे लिहिलंय तिथे `Weekly on Sunday` निवडा. `Add Google Meet video conferencing` दाबून दुवा जोडा. घरचे व्हॉट्सअॅपवरच बोलत असतील तर त्याचा कॉल दुवा खालच्या वर्णनाच्या चौकटीत टाकला तरी चालतो. उजवीकडे `Add guests` मध्ये सगळ्यांचे ईमेल लिहा. त्याखालच्या परवानग्यांत `Modify event` वरची खूण काढलेली असू द्या. एकदा नणंदेने फक्त स्वतःपुरती वेळ बदलावी म्हणून हात लावला आणि ती सगळ्यांची बदलली, तेव्हापासून मी हे बघते. शेवटी `Save` आणि विचारल्यावर `Send`.

नावाबद्दल एक विनंती. शीर्षकात वेळ लिहू नका. 'रविवार सकाळी ७ चा फोन' असं नाव दिलं तर ते एडिसनलाही जसंच्या तसं जातं. वेळेच्या रकान्यात शनिवार रात्री साडेआठ आणि नावात रविवार सकाळी सात, मग माणूस कशावर विश्वास ठेवणार? कॅलेंडर फक्त वेळेच्या रकान्यातला आकडा बदलतं, शीर्षक आणि वर्णनातल्या शब्दांना हात लावत नाही. आमच्या आमंत्रणाचं नाव नुसतं 'आईंशी गप्पा' आहे.

पाहुण्याच्या बाजूने

आमंत्रण पाठवलं म्हणजे ते कॅलेंडरात बसलंच असं नाही. गूगल कॅलेंडरच्या सेटिंग्जमध्ये `Add invitations to my calendar` अशी निवड असते. तिथे 'पाठवणारा ओळखीचा असेल तरच' असं निवडलेलं असेल आणि तुमचा ईमेल त्यांच्या संपर्कांत नसेल, तर आमंत्रण मेलमध्येच पडून राहतं. म्हणून पहिल्या वेळी प्रत्येकाला मेल उघडून `Yes` दाबायला सांगा. दाबलेलं तुमच्या पाहुण्यांच्या यादीत दिसतं. ज्याच्या नावापुढे खूण नाही त्याला फोन करा. आयफोन किंवा आउटलुक वापरणाऱ्यांनाही हेच आमंत्रण चालतं, `.ics` त्यांनाही वाचता येते.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांच्या फोनचं स्वतःचं घड्याळ. तारीख आणि वेळ आपोआप घेण्याची सोय चालू हवी, आणि गूगल कॅलेंडरच्या अॅपमध्ये `Use device time zone` चालू हवं. आयफोनच्या कॅलेंडर सेटिंग्जमध्ये `Time Zone Override` नावाचं एक बटण असतं. ते चालू असेल तर माणूस कुठेही जावो, कॅलेंडर निवडून ठेवलेल्या एकाच शहराची वेळ दाखवत राहतं. एका माणसाला सगळे कार्यक्रम ठरावीक तासांनी चुकलेले दिसत असतील आणि बाकीच्यांना बरोबर दिसत असतील, तर आमंत्रणाला हात लावण्याआधी त्याच्या फोनमधलं हे बटण बघा.

आणि स्क्रीनशॉट. आमच्या कुटुंबाच्या गटात कोणीतरी आमंत्रणाचा फोटो काढून टाकतंच. तो फोटो काढणाऱ्याच्या वेळेत असतो. साताऱ्यातून काढला तर सात, आणि मेलबर्नला तो पाहणारी भाची सात वाजता तयार. फोटोला शहर माहीत नसतं. गटात सांगायचंच असेल तर 'कॅलेंडरात बघा' एवढंच लिहावं.

पाहुण्याला आठवण किती आधी करून द्यायची हे त्याच्या स्वतःच्या कॅलेंडरात ठरतं. आमच्या घरच्या फोनवर मी तीस मिनिटं ठेवली आहेत, कारण चष्मा शोधणं आणि वायफायच्या जवळ खुर्ची नेणं यात तेवढा वेळ जातो.

पडताळणी

आता तो कागदावरचा तक्ता काढा. कॅलेंडरच्या सेटिंग्जमध्ये `Display secondary time zone` वर खूण करून न्यू यॉर्क निवडा. आठवड्याच्या दृश्यात डावीकडे वेळांचे दोन रकाने दिसू लागतील. मग पुढे सरकत मार्च, एप्रिल, ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचे बदलाचे आठवडे उघडा. आपला कार्यक्रम सातच्याच ओळीवर राहिला पाहिजे आणि शेजारचा न्यू यॉर्कचा आकडा तक्त्याप्रमाणे साडेआठ-साडेनऊ असा बदलला पाहिजे. आपला कार्यक्रमच सातवरून सहावर किंवा आठवर सरकलेला दिसला तर मालिका दुसऱ्या शहराला बांधली गेली आहे असं समजा. मग न्यू यॉर्कच्या जागी मेलबर्न निवडून पुन्हा एकदा. या सगळ्याला दहा मिनिटं लागतात.

चुकीच्या शहराला बांधलेली मालिका सोडवताना

आमची मालिका आम्ही अशी सुधारली. सासऱ्यांच्या खात्यातून, कारण आमंत्रण त्यांचं होतं. पुढचा कार्यक्रम उघडून पेन्सिलच्या खुणेवर दाबलं आणि `Time zone` मध्ये कोलकाता निवडलं. इथे जपायला हवं: शहर बदललं तरी आकडा तोच राहतो. शनिवार रात्री साडेनऊ तसंच राहून ते भारतातले साडेनऊ होतात. म्हणून लगेच तारीख रविवारची केली आणि वेळ सकाळची सात. पुनरावृत्तीत अजून `Weekly on Saturday` उरलेलं नाही ना हेही पाहिलं, कारण वार बदलायचा राहिला तर पुढचे फोन शनिवारी सकाळी पडतील. जतन करताना `This and following events` निवडलं, म्हणजे मागचे फोन जसे झाले तसे नोंदीत राहिले.

हे किचकट वाटलं तर जुनी मालिका रद्द करून नवी करा. मात्र जुनी आधी काढून टाका, नाहीतर दोन दुवे चालू राहतात आणि अर्धं घर एकीकडे, अर्धं दुसरीकडे.

वार आणि मध्यरात्र

आपल्या पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, कॅलेंडरात मध्यरात्री. बोलतानाही आपण रात्री एकला 'शनिवारची रात्र' म्हणतो, फोनच्या लेखी तो रविवार झालेला असतो. त्यामुळे मध्यरात्रीच्या जवळची वेळ तोंडी ठरवू नये. २०२६ मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे. आमची संध्याकाळची आरती साडेसातला ठेवली तर एडिसनला सोमवार सकाळचे दहा वाजतात, आणि मेलबर्नला बरोबर मध्यरात्र, म्हणजे तिथे तारीख १५. 'सोमवारी रात्री बारा' असं नणंदेला सांगितलं असतं तर ती एक दिवस आधीच जागत बसली असती. आम्ही आरती सातला घेणार आहोत. तिच्याकडे रात्रीचे साडेअकरा आणि वार सोमवारच.

वाढदिवसासाठी `All day` खूण केलेला कार्यक्रम वेगळा वागतो. त्याला वेळ नसते, म्हणून तो बदलतही नाही. २० तारीख टाकली की प्रत्येक देशात तिथल्या २० तारखेला दिसतो. आठवणीसाठी तो चांगला आहे, पण सगळ्यांनी एकदम शुभेच्छा द्यायच्या असतील तर वेळ घालूनच आमंत्रण करावं लागतं.

जिथे वेळच जुळत नाही

कॅलेंडर वेळ दाखवतं, वेळ निर्माण करत नाही. गेल्या वर्षी पुतण्या शिकायला लंडनला गेला. आमच्या सकाळी सातला त्याच्याकडे हिवाळ्यात रात्रीचा दीड आणि उन्हाळ्यात अडीच. संध्याकाळी साडेसहा घेतले तर त्याला दुपार आणि एडिसनला सकाळ मिळते, पण मेलबर्नला रात्रीचे अकरा किंवा बारा होतात. चौघांना सोयीची अशी एक वेळ खूप शोधली, मिळाली नाही.

म्हणून आता दोन मालिका आहेत. दर दोन आठवड्यांनी एक, अशा आलटून पालटून: एका रविवारी सकाळी सात, पुढच्या रविवारी संध्याकाळी साडेसहा. पुनरावृत्तीत `Custom` निवडून `Repeat every` पुढे २ लिहिलं की हे होतं. दोन्ही कोलकात्याला बांधलेल्या आहेत आणि दोन्हींत पाहुणे सगळेच आहेत, म्हणजे ज्याला जागता येईल तो येतो. लंडनची घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हलतात, म्हणून माझ्या तक्त्यात एक रकाना वाढला. तक्ता मी आईंच्या खोलीत दिनदर्शिकेशेजारी लावला आहे. बदलाच्या आदल्या शुक्रवारी त्या स्वतःच आठवण करून देतात, "अगं, या रविवारपासून एडिसनला तास बदलणार ना? त्याला कळवलंस का?"